कार्यशाळेनंतरचा पहिला निरोप: सुरसनातल्या एका शब्दावरून

कार्यशाळा आटोपली की तज्ज्ञांच्या फोनवर ज्या निरोपांची रीघ लागते, ते बहुतेक असे असतात: "नमस्कार मॅडम, कालची कार्यशाळा खूप छान झाली. बरंच शिकायला मिळालं. संपर्कात राहू." उत्तरादाखल जोडलेल्या हातांचं चित्र येतं आणि बोलणं तिथेच थांबतं. यात मॅडमचा काही दोष नाही. निरोपात उत्तर देण्यासारखं काही नसतं, आणि तसेच पंधरा-वीस निरोप आलेले असल्यामुळे पाठवणारा कोण हेही त्यांच्या लक्षात राहत नाही.

त्याच माणसाला चहाच्या वेळी अर्धवट राहिलेल्या विषयावर नेमकं लिहिलं, तर सहसा उत्तर येतं आणि बोलणं पुढे सरकतं. ते कसं लिहायचं हे इथे एकाच उदाहरणावरून, सुरुवातीपासून शेवटपर्यंत पाहू. समजा, वडोदऱ्यात शनिवार-रविवार अशी मोडी वाचनाची कार्यशाळा झाली. दांडिया बाजारात राहणाऱ्या तुमच्या घरी पणजोबांच्या पेटीत वर्षासनाबद्दलचं, म्हणजे दरवर्षी मिळणाऱ्या नेमणुकीबद्दलचं, एक जुनं सरकारी पत्र आहे. त्याची तारीख सुरसनात, म्हणजे मराठी दप्तरांत चालणाऱ्या जुन्या वर्षगणनेत, दिलेली आहे. शिकवायला आलेल्या मॅडमशी चहाच्या वेळी त्यावर दोन मिनिटं बोलणं झालं आणि तेवढ्यात त्यांना कोणीतरी हाक मारली.

त्याच संध्याकाळी टिपण

घरी जाताना रिक्षात बसल्या बसल्या फोनवर चार ओळी लिहून ठेवा. दुसऱ्या दिवसावर टाकलं की बोलण्याचा विषय तेवढा आठवतो, शब्द आठवत नाहीत, आणि निरोपाला शब्दच लागतात. आपल्या उदाहरणातलं टिपण असं:

"रविवार, दुपारचा चहा. वर्षासनाच्या पत्राबद्दल विचारलं. मॅडम म्हणाल्या, 'सुरसन असेल तर आधी मुसलमानी महिना बघा, मग ५९९ मिळवायचे की ६०० ते ठरेल.' तारखेच्या ओळीचा फोटो पाठवा म्हणाल्या, फक्त त्या ओळीचा. नंबर आयोजकांकडून घ्यायला सांगितला."

यातला "फक्त" हा शब्द सगळ्यात मोलाचा आहे. तीन दिवसांनी मनात "फोटो पाठवा म्हणाल्या" एवढंच उरतं आणि उत्साहाच्या भरात अख्ख्या पेटीचे चौदा फोटो जातात. त्यांनी मागितली होती एक ओळ. चौदा फोटो पाहून त्या निरोप बाजूला ठेवतात, सवडीने बघू म्हणून, आणि ती सवड येत नाही.

नंबर कसा मिळाला हेही टिपून ठेवा. कार्यशाळेच्या गटातून परस्पर उचललेला नंबर आणि त्यांनी स्वतः दिलेला किंवा घ्यायला सांगितलेला नंबर यांत फरक आहे. निरोपात तो एका वाक्यात सांगावा लागतो.

एकच विषय, तोही पेलेल असा

दोन दिवसांत बोरूची शाई, जोडाक्षरं, कागदाची निगा असं पुष्कळ काही कानावर पडलेलं असतं. निरोपासाठी त्यातला एकच विषय घ्या आणि तो तीन बाजूंनी तपासा. त्यावर त्यांचं तुमच्याशी प्रत्यक्ष बोलणं झालं होतं का? लिहिण्याआधी त्यात तुम्हाला स्वतः एक पाऊल टाकता येईल का? आणि त्यांना फोन हातात धरून, उभ्या उभ्या उत्तर देता येईल का?

"हे पत्र वाचून द्याल का" हा प्रश्न तिसऱ्या तपासणीत नापास होतो. मोडीचं लिप्यंतर हे तासन्‌तास बसून करायचं काम आहे आणि जाणकार त्याचं पानामागे मानधन घेतात. पहिल्याच निरोपात ते आडून मागितलं, तर समोरच्याला नकार द्यायची पाळी येते, आणि तो नकार पुष्कळदा मौनातूनच येतो. पत्र वाचूनच हवं असेल तर ते काम म्हणून उघड विचारावं: इतकी पानं आहेत, आपलं मानधन काय, किती दिवस लागतील. तो निरोप वेगळा आणि त्याची वेळही वेगळी.

"सुरसन म्हणजे काय" हा प्रश्न दुसऱ्या तपासणीत अडतो. ते कार्यशाळेतच शिकवलेलं असतं. पुन्हा विचारलं तर लक्ष नव्हतं एवढंच कळतं.

तारखेची ओळ मात्र तिन्ही बाजूंनी उतरते.

लिहिण्याआधी आपलं पाऊल

हा भाग लोक सोडून देतात, आणि निरोप पोकळ होतो तो इथेच. म्हणून जरा सावकाश पाहू.

पत्राच्या ओळीत सन अरबी संख्याशब्दांत आहे आणि पुढे "छ ७ सफर" असं लिहिलंय. छ म्हणजे चंद्र, म्हणजे सफर महिन्याचा सातवा चंद्र. सनाचे शब्द एकक आधी, मग दशक, मग शतक, मग हजार अशा क्रमाने येतात. खमस म्हणजे ५, मयातैन म्हणजे २००, अलफ म्हणजे १०००. हे तीन शब्द स्वच्छ लागतात. खमसच्या पुढचा दशकाचा शब्द मात्र शाई पसरल्यामुळे बुडाला आहे. आरंभीचा अ आणि शेवटचा न दिसतो, मधलं कळत नाही. तो अशरीन असेल तर २०, अर्बैन असेल तर ४०. म्हणजे सन १२२५ तरी, नाही तर १२४५.

सुरसनाचं वर्ष सूर्य मृग नक्षत्रात गेला की, म्हणजे जूनच्या सुरुवातीला, बदलतं. म्हणून इसवी सन काढताना मृगापासून डिसेंबरअखेरपर्यंतच्या तारखेला ५९९ मिळवायचे आणि जानेवारीपासून पुढच्या मृगापर्यंत ६००. इथे सफर महिना कुठे पडतो ते कळायला हवं, आणि चूक होते ती इथे. यंदा सफर ज्या ऋतूत आला त्यावरून जुनी तारीख ठरवता येत नाही, कारण चांद्र वर्ष सौर वर्षापेक्षा सुमारे ११ दिवसांनी लहान असतं आणि तेहेतीस-एक वर्षांत प्रत्येक महिना सगळ्या ऋतूंतून फिरून येतो. त्या त्या वर्षाची जंत्रीच पाहावी लागते.

जंत्री पाहिली तर १२२५ मधला ७ सफर येतो ऑक्टोबर १८२४ च्या सुरुवातीला, म्हणजे ५९९ मिळवायचे. १२४५ मधला येतो फेब्रुवारी १८४५ च्या मध्याला, म्हणजे ६००. दोन्ही तारखा दुसऱ्या सयाजीरावांच्या कारकिर्दीत (१८१९ ते १८४७) बसतात, त्यामुळे राजाच्या नावावरूनही निकाल लागत नाही. एका बुडालेल्या शब्दावर वीस वर्षांचा फरक अडून राहिला आहे.

इतकं करायला एक संध्याकाळ जाते, पण आता तुमचा प्रश्न एका शब्दावर आला आहे आणि मॅडमना त्याचं उत्तर एका शब्दात देता येईल. शिवाय त्यांनी जे सांगितलं होतं, आधी महिना बघा, ते तुम्ही केलंत हे त्यांना न सांगता दिसेल.

निरोप

पहिला खर्डा बहुतेक असा होतो:

"हाय मॅडम, ओळखलंत का? आपण कार्यशाळेत भेटलो होतो. तुम्ही खूप छान शिकवता. माझ्याकडे काही जुनी मोडी कागदपत्रं आहेत, त्याबद्दल जरा बोलायचं होतं. कधी फोन करू?"

"ओळखलंत का" विचारणं म्हणजे चाळीस चेहऱ्यांतून एक शोधायला लावणं. "काही जुनी कागदपत्रं" वाचून काम केवढं आहे ते कळत नाही, आणि ज्याचा अंदाज येत नाही ते मोठंच असणार असं माणूस धरून चालतो. शेवटी फोनची वेळ मागितलीय, म्हणजे कशासाठी ते न कळताच त्यांनी आपला वेळ काढून ठेवायचा.

त्याऐवजी असं लिहा:

"नमस्कार मॅडम. मी अमुक अमुक, दांडिया बाजार. रविवारी मोडी कार्यशाळेत चहाच्या वेळी वर्षासनाच्या पत्राबद्दल विचारलं होतं. आपण सांगितल्याप्रमाणे नंबर आयोजकांकडून घेतला.

आधी महिना पाहिला: छ ७ सफर आहे. सन खमस, पुढे एक शब्द, मग मयातैन व अलफ. मधला दशकाचा शब्द शाई पसरल्याने लागत नाही. अशरीन असेल तर १२२५, म्हणजे ऑक्टोबर १८२४. अर्बैन असेल तर १२४५, म्हणजे फेब्रुवारी १८४५. मला अशरीन वाटतो.

फक्त तारखेच्या ओळीचा फोटो सोबत आहे. अशरीन की अर्बैन, एवढं सवडीने सांगाल का?"

हा निरोप पंचाहत्तरएक शब्दांचा आहे. याहून फार वाढवू नये. नाव आणि भेटीचा संदर्भ अगदी पहिल्या ओळीत ठेवलाय, कारण निरोप उघडण्याआधी फोनवर तेवढीच ओळ दिसते आणि तुमचा नंबर त्यांच्याकडे साठवलेला नसतो. याच कारणासाठी व्हॉट्सअ‍ॅपवर तुमचं नाव म्हणून "श्री स्वामी समर्थ" किंवा नुसतं एखादं चित्र असेल तर आधी तिथे स्वतःचं पूर्ण नाव घाला.

"मला अशरीन वाटतो" हे वाक्य गाळावंसं वाटेल, चूक निघेल या भीतीने. गाळू नका. कोरा प्रश्न पुढे ठेवला तर जाणकाराला सगळा विचार पहिल्यापासून करावा लागतो. तुमचं वाचन पुढे असलं की त्यांना ते बरोबर की चूक एवढंच ठरवायचं असतं. चूक असेल तर का चूक तेही पुष्कळदा सांगितलं जातं, आणि खरं शिकणं त्यात आहे.

"एवढं" या शब्दाने मागणीला हद्द घातली जाते. "सवडीने" मात्र खरोखर सवड असेल तरच लिहावं. एखाद्या अर्जासाठी तारीख शुक्रवारपर्यंत हवी असेल तर तसं सांगावं. सवडीने म्हणून तिसऱ्या दिवशी आठवण करून देणं बरं दिसत नाही.

कौतुक लिहावंसं वाटलं तर एका नेमक्या गोष्टीचं लिहा. "आधी महिना बघा, या एका सूचनेने घोळ सुटला" हे त्यांना पटेल. "खूप छान शिकवता" हे त्यांनी त्या दिवसात दहा वेळा वाचलेलं असतं.

फोटो

मोडीत निम्मं यश फोटोवर असतं. खिडकीजवळ, उन्हाची तिरीप थेट कागदावर पडू न देता, फ्लॅश बंद ठेवून फोटो काढा. फ्लॅशने शाईची चकाकी येते आणि फिकट रेघा पुसल्यासारख्या दिसतात. फोन कागदाला समांतर धरा, नाही तर ओळीचं एक टोक धूसर येतं. मग कापून तारखेची ओळ आणि तिच्या वरची-खालची एकेक ओळ ठेवा. लेखकाच्या हाताचं वळण त्या शेजारच्या ओळींतून कळतं. एकटा कापलेला शब्द पाठवला तर जाणकारालाही वाचता येत नाही.

व्हॉट्सअ‍ॅपवर फोटो म्हणून पाठवलं की तो दाबून लहान केला जातो आणि मोठा करून पाहताना अक्षरांच्या कडा फुटतात. तोच फोटो डॉक्युमेंट म्हणून जोडा, म्हणजे मूळ आकारात जातो. तसा पाठवला की फाइलचं नावही दिसतं, म्हणून कॅमेऱ्याने दिलेले आकडे काढून "तारखेची ओळ, वर्षासन पत्र" असं नाव द्या. महिन्याभराने त्यांना तो पुन्हा शोधावा लागला तर सापडेल.

त्याच पत्रात दुसरीकडे कुठे निःसंशय वाचता येणारा श असेल तर त्याचाही फोटो काढून ठेवा, पण आत्ता पाठवू नका. तो पुढे उपयोगी पडेल.

केव्हा पाठवावा

कार्यशाळा रविवारी संपली असेल तर मंगळवार किंवा बुधवार, सकाळी अकरानंतर. रविवारी रात्री त्या प्रवासात किंवा दमलेल्या असतात आणि सोमवारी साचलेली कामं असतात. बुधवारनंतर दर दिवसागणिक चहाच्या वेळचं ते बोलणं त्यांच्या मनातून पुसट होत जातं. दहा दिवस उलटून गेले असतील तरी पाठवा, फक्त संदर्भाचं वाक्य थोडं भरून लिहा: कोणता दिवस, कुठे उभे होतो, काय बोललो.

वडोदऱ्याच्या माणसाला लिहिताना इथलं पंचांग सांभाळा. नवरात्रात गरबा रात्री उशिरापर्यंत चालतो, तेव्हा सकाळचे निरोप टाळावेत. उत्तरायणाचे १४ आणि १५ जानेवारी हे दोन दिवस माणसं गच्चीवर असतात. दिवाळीपासून लाभपंचमीपर्यंत तर शुभेच्छांच्या ढिगाऱ्यात तुमचा प्रश्न गाडला जाईल. पाहुण्या मॅडम पुण्याहून किंवा कोल्हापुराहून आल्या असतील तर त्यांचा गणेशोत्सव ध्यानात घ्या.

उत्तर आल्यावर, आणि न आल्यावर

समजा उत्तर आलं: "अर्बैन आहे. र नंतरची गाठ पाहा." तुमचं वाचन चुकलं. त्याच दिवशी दोन ओळी लिहा: "गाठ पाहिली, आता स्पष्ट दिसते. म्हणजे १२४५, फेब्रुवारी १८४५. मनापासून आभार." इथे नवा प्रश्न जोडायचा मोह होतो, कारण समोरून उत्तर मिळतंय. तो आवरा. एका उत्तरापाठोपाठ दुसरी मागणी गेली की पहिल्या उत्तराचं काय झालं हे त्यांना कळतच नाही.

मग त्या उत्तराचं काहीतरी करा. बडोदे संस्थानची दप्तरं वडोदऱ्याच्या अभिलेखागारात आहेत. तारीख पक्की झाल्यावर कोणत्या वर्षाचं दप्तर मागायचं हे तुम्हाला नेमकं सांगता येतं, आधी वीस वर्षांत चाचपडावं लागलं असतं. तिथे जाऊन आलात की दोन-तीन आठवड्यांनी तिसरा निरोप पाठवा, आणि त्यात प्रश्न नको: "आपण तारीख लावून दिलीत, त्यावरून १८४४-४५ चं दप्तर पाहिलं. वर्षासनाची नोंद मिळाली." नोंद मिळाली नसेल तर तसंही कळवा. आपल्या उत्तराचा पुढे काय उपयोग झाला हे तज्ज्ञांना फार क्वचित कळतं, म्हणून हा निरोप त्यांच्या लक्षात राहतो. पुढच्या वेळी खरोखर मोठा प्रश्न घेऊन जाल तेव्हा ओळख सांगावी लागत नाही.

उत्तर आलंच नाही तर आठ-दहा दिवस थांबा. निळ्या खुणा उमटल्या नाहीत म्हणजे वाचलं नाही असं नसतं, अनेकांनी ती सोय बंद ठेवलेली असते. उमटल्या म्हणजे टाळलं असंही नसतं. वाचताना त्या वर्गात असतील आणि नंतर निरोप खाली गेला असेल. मग एकदाच आठवण द्या, पण "माझा निरोप पाहिलात का" असं विचारून नाही. बाजूला ठेवलेला तो श आता बाहेर काढा: "नमस्कार मॅडम, त्याच पत्रात पाचव्या ओळीत स्वच्छ श सापडला, तुलनेसाठी जोडतो आहे. त्यावरून मधला शब्द अशरीन नसावा असं आता वाटतं." नवं काहीतरी हाती पडलं की उत्तर द्यायला कारण मिळतं. त्यालाही उत्तर नसेल तर थांबा. फोन करू नका, आयोजकांकरवी विचारणा करू नका आणि पुढच्या कार्यशाळेत भेटलात तर त्याचा उल्लेखही नको.

सोबतच्या शिबिरार्थीला लिहायचं असेल तर

बराचसा भाग तोच, पण ओळखीचं वजन हलकं ठेवावं. "आपण"ऐवजी "तुम्ही" चालतं. वयाने बरोबरीची माणसं असतील आणि बोलताना अरे-तुरे झालं असेल तर लिहितानाही तेच ठेवा, एकदम "आदरणीय" झालं की समोरचा गोंधळतो. ज्या भाषेत बोललात तीत लिहा. वडोदऱ्यात मोडीच्या वर्गाला गुजराती माणसंही येतात. त्यांच्याशी गुजरातीत बोललात तर गुजरातीतच लिहा, लिपीची अडचण असेल तर देवनागरीतून. आणि इथे मागण्याबरोबर देताही येतं: "तुमच्या खरेदीखतातला 'बिघे' शब्द मला लागला होता, तुम्ही माझी तारखेची ओळ पाहाल का?" दोघंही शिकणारे असल्यामुळे अशी देवघेव आठवड्याची सवय होऊ शकते.

उत्तर गटात टाकण्याआधी

मॅडमचं उत्तर आलं की कार्यशाळेच्या गटात ते पुढे पाठवावंसं वाटतं, सगळ्यांच्या उपयोगाचं आहे म्हणून. पण त्यांनी ते एका माणसाला, एका फोटोवरून लिहिलेलं असतं. गटात गेलं की इतर जण आपापल्या ओळी त्यांना थेट पाठवू लागतात, किंवा कुणी जाहीर हरकत घेतो आणि त्यांना नको असलेल्या वादात उतरावं लागतं. आधी विचारा: "र नंतरच्या गाठीबद्दल आपण सांगितलंत ते आपल्या नावाने गटात लिहिलं तर चालेल का?" होकार आला तर त्यांचे शब्द जसेच्या तसे, फोटोसह टाका, आणि त्यांचा नंबर कुणी मागितला तर स्वतः न देता आयोजकांकडे पाठवा.